विश्लेषण : हातात सोळा तास, यादी बत्तीस तासांची! मग कात्री कशावर लावायची?

कामांची यादी वेळेच्या दुप्पट झाली की बहुतेक जण झोप कमी करतात आणि वेग वाढवतात. त्यानेही भागले नाही तर जे राहील ते राहील, असे म्हणतात. पण काय राहणार हे शेवटच्या संध्याकाळी आपोआप ठरले, तर ते बहुधा चुकीचेच ठरते. कात्री लावायची वेळ पहिल्या दिवशी सकाळी असते आणि ती लावण्याची एक रीतही आहे. कर सल्लागाराच्या दोन दिवसांच्या उदाहरणातून ती समजून घेऊ.

नेमकी अडचण काय?

इचलकरंजीसारख्या गावात एकट्याने काम करणारा एक कर सल्लागार डोळ्यांसमोर आणा. तारीख १० ऑगस्ट, सकाळचे नऊ. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यांना जुलैच्या विक्रीचे जीएसटीआर-१ हे विवरणपत्र ११ ऑगस्टपर्यंत भरायचे आहे. रोज आठ तास धरले तर त्याच्या हातात १६ तास आहेत.

त्याची यादी अशी : पाच छोट्या व्यापाऱ्यांची विवरणपत्रे, प्रत्येकी दीड तास, म्हणजे साडेसात तास. सूत विकणाऱ्या एका घाऊक व्यापाऱ्याचे विवरणपत्र, बिले विस्कळीत असल्याने सहा तास. जीएसटी खात्याच्या एका नोटिशीचे उत्तर, ज्याची मुदत ११ तारखेलाच संपते, तीन तास. यंत्रमागधारकाच्या कर्जासाठी बँकेला द्यायचा प्रकल्प अहवाल, जो ११ तारखेला देतो असे सांगून ठेवले आहे, सात तास. गृहनिर्माण संस्थेचे हिशेब, ज्याला तारीख नाही, पाच तास. स्वतःच्या फीची बिले काढणे, दोन तास. राहिलेले फोन आणि चौकशा, दीड तास. बेरीज बरोबर ३२ तास.

यातले निम्मे काम होणार नाही हे सकाळी नऊ वाजताच गणिताने सिद्ध झाले आहे. त्यामुळे ‘सगळे कसे करू’ हा प्रश्नच इथे उरत नाही. ‘कोणते निम्मे सोडू’ एवढाच उरतो.

सगळे थोडे थोडे केले तर?

सर्वांत महागात पडणारी सवय हीच. ज्याचा फोन आला त्याची फाइल उघडायची, पुढचा फोन आला की ती अर्धवट ठेवून दुसरी घ्यायची. संध्याकाळी प्रत्येकाला ‘तुमचे काम चालू आहे’ असे खरेपणाने सांगता येते, म्हणून ही पद्धत बरी वाटते.

पण विवरणपत्र ८० टक्के तयार असणे आणि अजिबात तयार नसणे, यात ११ तारखेच्या रात्री काहीच फरक नसतो. ते भरले गेले किंवा नाही, एवढेच पोर्टलला कळते. नोटिशीच्या उत्तराचेही तसेच. अशा कामांत अर्धे काम म्हणजे अर्धा फायदा नव्हे, शून्य फायदा. तेव्हा प्रत्येक कामातून थोडे कापून चालत नाही. काही कामे या दोन दिवसांच्या यादीतून पूर्ण बाहेर काढावी लागतात.

गणित काय सांगते?

कारखान्यातल्या एका यंत्रावर अनेक कामे रांगेत असतील, तर कमीत कमी कामे उशिरा व्हावीत यासाठी काय करावे, याचे उत्तर जे. मायकेल मूर यांनी १९६८ मध्ये मांडले. रीत सोपी आहे. कामे मुदतीच्या क्रमाने लावा. वेळांची बेरीज करत चला. जिथे एखादे काम मुदतीबाहेर जाईल, तिथे थांबा आणि तोवर घेतलेल्या कामांतले सर्वांत लांब काम बाहेर काढा. मग पुन्हा पुढे चला.

काढायचे काम ‘शेवटचे’ नव्हे, ‘सर्वांत लांब’ हा यातला कळीचा भाग. एक लांब काम बाजूला केले की अनेक छोटी कामे वेळेत बसतात.

आपल्या सल्लागाराला हे लावून पाहू. ११ तारखेला बांधलेली कामे साडेतेवीस तासांची आहेत. सात तासांचा प्रकल्प अहवाल काढला की साडेसोळा उरतात. अजूनही अर्धा तास जास्त. नियम सांगतो, आता सहा तासांचा घाऊक व्यापारी काढा. मग सगळे आरामात बसते आणि उशीर होतो फक्त दोन कामांना.

इथेच या नियमाची मर्यादा उघडी पडते. हा नियम कामे मोजतो, त्यांचे वजन करत नाही.

वजन कसे करायचे?

प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारावा : हे तीन दिवस उशिरा झाले तर नेमके काय बिघडेल आणि कोणाचे?

घाऊक व्यापाऱ्याचे विवरणपत्र ११ तारखेपर्यंत भरले, तर त्याची बिले खरेदीदारांच्या १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी या तक्त्यात दिसतात. त्या आधारे खरेदीदार आधी भरलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, घेतो. विवरणपत्र १२ तारखेला भरले तर ती बिले पुढच्या महिन्याच्या तक्त्यात जातात. दहा लाखांच्या सुतावर ५ टक्के कर असेल, तर त्या एका खरेदीदाराचे ५० हजारांचे क्रेडिट महिनाभर अडकते. २० तारखेला तेवढा कर त्याला खिशातून भरावा लागू शकतो. असे खरेदीदार अनेक असतात आणि चूक त्यांची नसते. हे काम सोडणे म्हणजे आपल्या टेबलावरचा भार दुसऱ्यांच्या डोक्यावर टाकणे.

आता पाच छोट्या व्यापाऱ्यांकडे पाहू. त्यांपैकी एक साड्यांचा दुकानदार आहे आणि तो थेट गिऱ्हाइकांना विकतो. त्याच्या बिलांवर क्रेडिट घेणारा कोणी नाही. त्याचे विवरणपत्र एक दिवस उशिरा गेले तर नियमाप्रमाणे विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये, विक्रीच नसेल तर २० रुपये. म्हणजे कागदावर एकच मुदत असलेल्या दोन कामांत एकाचा उशीर पन्नास रुपयांचा, तर दुसऱ्याचा पन्नास हजार अडकवणारा. मात्र दुकानदाराचे कामही लांबवायला हद्द आहे. जीएसटीआर-१ भरल्याशिवाय २० तारखेचे जीएसटीआर-३बी भरता येत नाही.

नोटिशीचे उत्तर तिसऱ्या प्रकारात मोडते. मुदत वाढवून मागता येते, पण देणे न देणे अधिकाऱ्याच्या हातात. उत्तरच गेले नाही तर बाजू न ऐकता निर्णय होण्याचा धोका असतो आणि मग अपिलाचा लांब रस्ता. तीन तास वाचवण्यासाठी हा धोका घेण्यात अर्थ नाही.

मग अंतिम यादी कोणती?

ठेवायचे : घाऊक व्यापारी सहा तास, नोटीस तीन तास, चार छोटे व्यापारी सहा तास. एकूण १५. एक तास मोकळा.

काढायचे : प्रकल्प अहवाल, संस्थेचे हिशेब, फीची बिले, फोन आणि साड्यांचा दुकानदार. एकूण १७ तास.

काढलेल्या प्रत्येक कामाला नवी तारीख हवी, नाहीतर ते काम लांबवलेले राहत नाही, विसरलेले होते. दुकानदार १२ तारखेला सकाळी, त्याच्या मागोमाग फीची बिले. प्रकल्प अहवाल १४ ला, संस्था त्यानंतरच्या आठवड्यात. फीच्या बिलांना मुद्दाम जवळची तारीख दिली आहे. स्वतःचे काम कोणी फोन करून मागत नाही, म्हणून ते दर महिन्याला कापले जाते आणि दोन-तीन महिन्यांनी कार्यालयाचे भाडे भरताना त्याची आठवण होते.

अंदाजच चुकला तर?

चुकतोच. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल असे विचारले होते. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा निघाला, प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. म्हणून एक तासाची सवड पुरेल या भरवशावर राहू नये.

उपाय दोन. पहिला, सर्वांत वजनदार आणि सर्वांत बेभरवशाचे काम आधी घ्यावे. इथे तो घाऊक व्यापारी. १० तारखेला बिलांत घोळ सापडला तर निस्तरायला दुसरा दिवस असतो आणि शेवटच्या दिवशीच्या पोर्टलवरच्या गर्दीतूनही सुटका होते. दुसरा, पुढची कात्री कोणावर लागेल हे आधीच लिहून ठेवावे. उदाहरणार्थ, ‘दुपारी चारपर्यंत घाऊक व्यापाऱ्याचे काम संपले नाही, तर चारपैकी ज्याचे नोंदणीकृत खरेदीदार सर्वांत कमी, तो व्यापारी १२ तारखेला.’ थकलेल्या डोक्याने रात्री दहाला घेतलेल्या निर्णयापेक्षा सकाळी लिहिलेली ओळ जास्त भरवशाची.

सांगायचे कोणाला आणि कधी?

या सगळ्यात लोक सर्वाधिक टाळतात ती हीच पायरी. प्रकल्प अहवाल होणार नाही हे सल्लागाराला १० तारखेला सकाळी नऊ वाजता माहीत आहे. त्याच वेळी यंत्रमागधारकाला आणि बँकेला फोन केला, तर त्याला दहा मिनिटे लागतात आणि बहुतेक वेळा १४ तारीख मान्य होते. बँकेतून ‘नाही, उद्याच हवा, नाहीतर मंजुरीची बैठक चुकते’ असे उत्तर आले, तर अहवालाचे वजन बदलते आणि वाटणी पुन्हा करता येते. तोच फोन १२ तारखेला केला, तर ती फक्त सबब ठरते.

नोकरदारांसाठी इथे एक फरक आहे. काय सोडायचे हे ठरवण्याचा अधिकार अनेकदा त्यांच्याकडे नसतो. अशा वेळी वरिष्ठांना ‘काम फार आहे’ सांगून काही होत नाही. ‘सोळा तासांत ही सहा कामे होतात, ही पाच होत नाहीत. यात बदल करायचा असेल तर आत्ता सांगा,’ असा कागद समोर ठेवला, की निर्णय ज्याचा त्याच्याकडे जातो.

कात्रीचा उपयोग कुठे संपतो?

वर्षातून दोन-तीनदा यादी दुप्पट होत असेल, तर ही रीत पुरते. दर महिन्याच्या १० तारखेला तेच होत असेल, तर दोष यादीत नाही, घेतलेल्या कामांच्या संख्येत आहे. तेव्हा एखादा मदतनीस ठेवावा, नाहीतर फी वाढवावी, नाहीतर एखादा ग्राहक सोडावा. प्रत्येक महिन्यात काढलेली कामे वहीत लिहिली, तर चार महिन्यांत तीच दोन-तीन नावे पुन्हा पुन्हा दिसू लागतात. कोणाला नम्रपणे नाही म्हणायचे, हे त्या पानावरच लिहिलेले असते.