चार वर्षांत वसूल, मग घाटा कुठला?

पुढच्या महिन्यात दर्यापूर-मूर्तिजापूरच्या पट्ट्यात सोयाबीनच्या गंजी लागतील आणि थ्रेशरवाल्याला फोन सुरू होतील. दरवर्षी याच वेळी कुठल्या ना कुठल्या शेतकरी गटात विषय निघतो: दुसऱ्याच्या पाळीची वाट पाहायची, त्यापेक्षा आपलंच मळणीयंत्र घेऊन टाकू. आणि कोणीतरी ठासून सांगतो, "चार सालात पैसे निघतात भाऊ, मंग इचार कायचा?"

हा हिशेब एकदा मांडून पाहू. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही आपल्या गावचे घाला. ट्रॅक्टरवर चालणारं यंत्र 3 लाख 60 हजारांचं, सात वर्षं चालेल असं धरलेलं. भाड्याचा दर क्विंटलला 250 रुपये. स्वतःचं यंत्र असलं तर डिझेल, मजुरी आणि ट्रॅक्टरचा खर्च धरून 150 रुपये पडतात, म्हणजे क्विंटलमागे 100 सुटतात. घरचा माल असो की शेजाऱ्याचा. सोयाबीन, तूर, हरभरा मिळून वर्षाला 1,000 क्विंटल काम. पट्टे, बेअरिंग, किरकोळ दुरुस्तीचे 10 हजार वजा केले की वर्षाकाठी 90 हजार हाती. 3 लाख 60 हजार भागिले 90 हजार, बरोबर चार वर्षं. हा परतफेडीचा कालावधी.

यात खोट आहे ती अशी, की सातव्या वर्षीचे 90 हजार आणि पहिल्या वर्षीचे 90 हजार इथे सारखेच मोजले जातात. आज खिशातून गेलेला पैसा 14 टक्के व्याजाचा असेल, तर पुढच्या वर्षी येणारे 90 हजार आजच्या भावाने जवळपास 79 हजारच भरतात आणि सातव्या वर्षीचे जेमतेम 36 हजार. सातही वर्षांचे असे घटवून बेरीज केली तर 3 लाख 86 हजार येतात. शेवटी यंत्र 60 हजारांना विकलं, तर त्याचे आजचे 24 हजार. एकूण 4 लाख 10 हजार. किंमत वजा जाता 50 हजार उरतात. हे निव्वळ वर्तमान मूल्य. ते शून्याच्या वर आहे, म्हणजे घ्यायला हरकत नाही.

एक चूक मात्र शिकलेली माणसंही करतात. 14 टक्क्यांनी घटवूनही बँकेच्या हप्त्यातलं व्याज पुन्हा खर्चात धरतात. घटवतानाच व्याज कापलेलं असतं; दोनदा कापलं तर चांगलं यंत्रही तोट्यात दिसतं.

आता काम 1,000 वरून 750 क्विंटलवर आणा. पाऊस लांबला किंवा पिवळ्या मोझॅकने शेत खाल्लं तर एवढी घट वऱ्हाडात नवलाची नाही. तेच दरवर्षी राहिलं तर हाती 65 हजार येतात. परतफेड साडेपाच वर्षांत होते, यंत्र सात वर्षं चालतं, म्हणून गट म्हणतो पैसे निघाले. पण आजच्या भावात मोजलं तर हाच सौदा 57 हजारांनी तोट्यात आहे. सीमा काढली तर वर्षाला साधारण 885 क्विंटलच्या खाली भाडंच परवडतं.

भाड्याच्या बाजूलाही न दिसणारा खर्च आहे, तोही लिहून काढा. पाळी येईपर्यंत परतीचा पाऊस गंजीत शिरला, की दाणा काळवंडतो आणि अडत्या भाव पाडतो. शिवाय पोत्यामागे पैसे घेणारा माणूस ड्रम जोरात फिरवतो. डाळ होते, बियाण्याला माल उरत नाही. गटाच्या 200 क्विंटलवर क्विंटलला 100 रुपयांचा असा फटका दरवर्षी वाचत असेल, तर ते 20 हजार यंत्राच्या खात्यात जमा होतात आणि 750 क्विंटलचा तोटाही फिटून थोडे वर राहतात. मात्र नुकसान चार वर्षांतून एकदाच होत असेल, तर 20 हजारांऐवजी 5 हजारच धरा.

अनुदानाचंही तसंच. महाडीबीटीवर अर्ज मंजूर झाला तरी आधी यंत्र घ्यायचं, मग पाहणी, मग खात्यात रक्कम. लाख रुपये वर्षभर उशिरा आले तर आजचे 88 हजारच.

आणि शेवटी गावातली यंत्रं मोजा. चौथं यंत्र आलं की दर 250 वर टिकत नाही. तो 230 झाला, तर काम पूर्ण 1,000 क्विंटल मिळूनही आधीचे 50 हजार जातात आणि उलट 36 हजारांची खोट येते.