पहिल्या कॉलमधला तो एक सेकंद

राजुऱ्यात राहणारी एक विद्यार्थिनी आणि कोल्हापूरची तिची मैत्रीण, अशी एक जोडी कल्पून पाहू. स्पर्धा परीक्षेच्या एका ग्रुपवर ओळख झाली, सहा महिने रोज मेसेज चालले. घरातल्या कटकटीही सांगून झाल्या. मग एका संध्याकाळी पहिल्यांदा कॉल लागतो. ‘हॅलो’, ‘हॅलो’, आणि पुढे शांतता. दोघी एकदम बोलतात, एकदम थांबतात. ‘बोल ना तू’, ‘नाही, तू बोल’. राजुऱ्याच्या मुलीच्या तोंडून ‘काय करून रायली?’ निघून जाते आणि पलीकडून क्षणभर उत्तरच येत नाही. मेसेजमध्ये ती पुस्तकी मराठी लिहीत होती. आता तिला वाटते, आपली बोली ऐकून ती चपापली. तीन मिनिटांत ‘आई बोलावतेय’ म्हणून फोन ठेवला जातो. पुन्हा कॉल होत नाही.

या शांततेचा दोष बोलीला किंवा मैत्रिणीला देण्याआधी घड्याळाकडे पाहायला हवे. समोरासमोरच्या गप्पांत एकाचे वाक्य संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत किती वेळ जातो, हे 2009 मध्ये 10 भाषांमधल्या प्रश्नोत्तरांवरून मोजले गेले. त्यात मराठी नव्हती. पण इतक्या वेगवेगळ्या भाषांतही सरासरी एका सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच निघाली. म्हणजे समोरच्याचे बोलणे संपण्याआधीच आपले उत्तर तयार होत असते. या लयीची कानाला इतकी सवय असते की एक सेकंदाची शांतताही अवघडलेली वाटते. मेसेजमध्ये मात्र उत्तर लिहायला, खोडायला हवा तेवढा वेळ मिळतो. सहा महिने ज्या मैत्रीला ही मुभा होती, तिला पहिल्याच कॉलमध्ये ती नसते.

त्यात नेटवर्कची भर पडते. इंटरनेटवरच्या कॉलमध्ये आवाजाचे लहान लहान तुकडे होऊन जातात. ते मागेपुढे पोहोचले तर ऐकणाऱ्याचा फोन ते थोडा वेळ साठवून, क्रमाने लावून वाजवतो. रेंज कमजोर असली की हा थांबा वाढतो. ब्लूटूथ इअरफोन त्यात आणखी भर घालतात. समजा, आवाज एका बाजूने पोहोचायला 0.4 सेकंद लागतात. राजुऱ्याची मुलगी प्रश्न विचारून थांबते. 0.4 सेकंदांनी तो कोल्हापुरात ऐकू येतो. मैत्रीण नेहमीसारखे 0.2 सेकंदात उत्तर देते आणि ते परत यायला पुन्हा 0.4 सेकंद जातात. मैत्रिणीच्या दृष्टीने तिने लगेच उत्तर दिले. राजुऱ्यात मात्र पूर्ण एक सेकंद शांतता होती. तेवढ्यात न राहवून ‘ऐकू येतंय ना?’ विचारले की ते नेमके येणाऱ्या उत्तरावर आदळते. उशीर लाइनचा असतो, पण दोघींना तो एकमेकींचा वाटतो. जर्मन संशोधकांनी 2014 मध्ये हेच दाखवले. लाइनवर मुद्दाम उशीर घातला, तेव्हा बोलणाऱ्यांना समोरची व्यक्ती कमी लक्ष देणारी वाटली.

उशीर लाइनचाच आहे का, हे तपासता येते. दोघींनी आळीपाळीने आकडे म्हणायचे: एक, दोन, तीन, चार. स्वतःचा आकडा लगेच येतो आणि समोरचा दरवेळी सारखाच रेंगाळत येतो, असे दोन्हीकडे जाणवले तर दोष लाइनचा. मग खिडकीजवळ किंवा गच्चीवर जावे, ब्लूटूथ काढून वायरचा इअरफोन लावावा. साधा फोन कॉलही करता येतो. 4जीवर त्यातल्या आवाजाला इतर डेटाआधी वाट दिली जाते. मात्र ओळख अॅपवरच असेल तर साध्या कॉलसाठी आपला नंबर द्यावा लागतो. तो निर्णय विचार करूनच घ्यावा. आकडे झटपट येत असतील आणि तरी संवाद अडखळत असेल, तर तो निव्वळ संकोच.

त्या संकोचाबद्दलही अंदाज चुकतात. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जुन्या मित्राशी ईमेलऐवजी फोनवर बोलणे जास्त अवघड जाईल, असे लोकांना आधी वाटत होते. प्रत्यक्षात ते जास्त अवघड गेले नाही, उलट जवळीक अधिक वाटली. अनोळखी माणसांमध्येही आवाजाने असाच फरक पडला.

म्हणून पहिल्या तीन मिनिटांवर मैत्रीचा निकाल लावू नये. प्रश्न विचारल्यावर मनात ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत थांबावे. बहुतेक टकरी तेवढ्याने टळतात. एकदम बोलणे झालेच तर ‘लाइन उशिरा येतेय’ असे मोकळेपणाने म्हणावे. राजुऱ्याच्या त्या मुलीने तेवढे म्हटले असते, तर ‘रायली’ म्हणजे काय, हे विचारायला मैत्रिणीला सवड मिळाली असती.