भावना पोहोचल्या, पण कुठल्या?

"भावना पोहोचल्या ना? मग वेलांट्या कशाला मोजतोस?" निरोपाचं कार्ड छापायला जाण्याआधी मी मजकूर मागितला की हे वाक्य ठरलेलं. चाकणच्या ज्या कारखान्यात मी सॉफ्टवेअर सांभाळतो, तिथे ग्राहकाला जाणारं इंग्रजी प्रेझेंटेशन चार जण तपासतात. तीस-पस्तीस वर्षं लाइनवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या घरात पुढची वीस वर्षं टांगलं जाणारं मराठी कार्ड मात्र तपासायचं नसतं, कारण म्हणे भावना पोहोचतात. माझं म्हणणं असं की बऱ्याचदा त्या पोहोचत नाहीत.

या वर्षी एका फोरमनकाकांसाठी आलेला मसुदा बघा:

"सर्व सहकार्यांकडून सेवानिवृत्ती निमीत्त हार्दीक शुभेच्छा. तुम्ही आम्हाला मशीनचा आवाज ओळखायला शिकवले. आपले पुढील दिवस आनंदाचे जावो."

दुसराच शब्द घ्या. 'सहकारी'चं अनेकवचन 'सहकाऱ्यांकडून'. रफार दिला की शब्द 'सहकार्य'चा होतो. म्हणजे शुभेच्छा माणसांकडून नाही, मदतीकडून आल्या! 'आचाऱ्यांना' बोलावलं तर स्वयंपाकी येतात आणि 'आचार्यांना' बोलावलं तर गुरुजी, तसलाच हा प्रकार.

गंमत म्हणजे ही चूक लिहिणाऱ्याची असतेच असं नाही. हा आडवा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर असतं. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. मजकूर एका ॲपमधून दुसऱ्यात जाताना ते अदृश्य चिन्ह कधीकधी गळतं आणि आडव्या र-चा रफार होतो. म्हणून छापायला देण्याआधी मी एवढं करतो:

```
s.replace("र्\u200d", "ऱ्")
```

चिन्ह शाबूत असेल तरच याचा उपयोग. ते आधीच गळलं असेल तर कोड काही करू शकत नाही, कारण 'सहकार्यांकडून' हाही लिहिता येणारा शब्द आहे. तिथे माणसालाच वाचावं लागतं.

वेलांट्यांचं काम त्या मानाने सोपं. 'इक'ने संपणारे असे संस्कृत शब्द ह्रस्वच: हार्दिक, सामाजिक, औद्योगिक. 'निमित्त' ह्रस्व, आणि ते मागच्या शब्दाला चिकटतं: सेवानिवृत्तीनिमित्त.

खरी गफलत वाक्याच्या शेवटी होते, आणि तिकडे कुणी बघतच नाही. दिवस अनेक आहेत, म्हणून 'जावोत'. आयुष्य एक, म्हणून 'लाभो'. स्वप्नं अनेक, म्हणून 'होवोत'. दुसऱ्या वाक्यात 'तुम्ही' आहे आणि तिसऱ्यात 'आपले'. काकांना आम्ही रोज 'तुम्ही' म्हणतो, मग कार्डावरच एकदम 'आपण' कशाला? आणि 'तुम्ही' ठेवलं की बोलण्यातलं क्रियापदही येऊ द्या: 'शिकवलंत'. त्या शेवटच्या 'त'मध्ये समोरचा माणूस असतो. तो काढला की वाक्य अहवालातलं वाटतं.

तपासायचं ते छपाईचं शेवटचं पान, व्हॉट्सॲपवरचा मजकूर नव्हे. कार्ड लावणारे बरेच जण अजून जुन्या फॉन्टमध्ये काम करतात, त्यामुळे मजकूर तिथे पुन्हा टाइप होतो किंवा रूपांतरित होतो आणि नव्या चुका शिरतात. वेलांटी भलत्याच अक्षरावर गेलेली किंवा मात्रेखाली ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ दिसलं, तर रूपांतर बिघडलंय असं समजा. मी ते पान एकदा शेवटच्या शब्दापासून उलटं वाचतो. अर्थ लागत नाही, म्हणून नजर अक्षरांवरच राहते. मग एकदा सुलटं, मोठ्याने, फक्त क्रियापदांसाठी. नावाचं स्पेलिंग घरच्यांना विचारायचं, कारण पगाराच्या चिठ्ठीवर ते इंग्रजीत असतं.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही भांडतो. 'शुद्ध मराठी'वाले कार्ड हातात आलं की प्रत्येक वाक्य पुस्तकी करून टाकतात. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ आणि १९७२चे ४ असे लेखनाचे नियम आहेत. ते लिहायचं कसं हे सांगतात, कोण कमअस्सल आहे हे नाही. याच कार्डासाठी लाइनवरच्या एका हेल्परने लिहून दिलं होतं: "काका, तुमी नसाल तर शिफ्ट सुनी सुनी वाटंल." एका साहेबांनी 'तुमी'वर लाल रेघ मारली. मी ती खोडायला लावली. 'सहकार्यांकडून'मध्ये लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं एक आणि उमटलं दुसरंच. 'वाटंल'मध्ये त्याला जे म्हणायचं होतं, तेच आणि त्याच्याच आवाजात उमटलंय. यात तपासायचं एवढंच, की छापणाऱ्याने त्याच्या 'वाटंल'वरचा अनुस्वार खाल्ला नाही ना.

खाल्ला होता. पान परत पाठवलं.