सगळ्यांसमोर बोल लागला, आता उत्तर काय द्यायचं?

सकाळी मेल उघडला आणि अकरा जणांच्या थ्रेडमध्ये तुमचंच नाव दिसलं: "कॅटलॉगचा मजकूर पुन्हा उशिरा. कंटेंटवाल्यांना गांभीर्यच नाही." खरं तर बुधवारी मजकूर द्यायचा होता, पण ज्या फोटोंवरून तो लिहायचा, तेच गुरुवारी संध्याकाळी आले. तुम्ही शुक्रवारी दुपारी काम पूर्ण केलं. आता बोटं शिवशिवणारच!

मनातलं सगळं लिहून काढा, पण रिप्लायमध्ये नको. नवीन मेल उघडा आणि 'टू'चा रकाना रिकामा ठेवा. मग चुकून बटण दाबलं तरी मेल कुणालाच जाणार नाही. तासाभराने तो मसुदा वाचा आणि त्यातली फक्त तपासता येणारी वाक्यं ठेवा. "नेहमी आम्हालाच बोलतात" तपासता येत नाही, "फोटो गुरुवारी आले" तपासता येतं.

आरोप सगळ्यांसमोर झाला असेल, तर दुरुस्तीही सगळ्यांसमोरच करा, पण एकदाच. उत्तर साधारण असं लिहा:

"नमस्कार, मजकूर बुधवारऐवजी शुक्रवारी पोहोचला, हे बरोबर आहे. फोटो गुरुवारी संध्याकाळी मिळाले, तो मेल याच थ्रेडमध्ये खाली आहे. उशीर होणार हे बुधवारीच कळवायला हवं होतं, ते राहून गेलं. उरलेली 4 पानं सोमवारी 12 वाजेपर्यंत मिळतील."

यात फोटो कुणी उशिरा पाठवले, ते नाव घेतलेलं नाही. तारीख दिसली की वाचणाऱ्याला ते आपोआप कळतं. नाव घेतलं असतं, तर त्या माणसालाही उत्तर द्यावं लागलं असतं आणि थ्रेड लांबला असता. आपली खरी चूक एका वाक्यात मान्य केली आहे, पण न केलेल्या चुकीची माफी मागितलेली नाही. "गांभीर्य नाही" या टोमण्याला तर उत्तरच नाही, कारण आपण किती गंभीर आहोत हे सांगत बसलं की सफाई दिल्यासारखं वाटतं.

"मी आधीच सांगितलं होतं" हे वाक्य मात्र काढून टाका, त्यात टोमणा ऐकू येतो. मध्येच साहेबांना सीसीमध्ये घेऊ नका, ती तक्रार वाटते. पाठवण्याआधी एक परीक्षा करा: ज्याला भांडण माहीतच नाही, त्याला हा मेल वाचून काम कुठवर आलंय ते कळतं का? कळत असेल, तर पाठवा.

पुन्हा तिरकं उत्तर आलं, तर थ्रेडवर लिहू नका, त्या व्यक्तीला फोन करा. पण शिवीगाळ किंवा तुमच्या प्रामाणिकपणावर आरोप असेल, तर हा उपाय पुरेसा नाही. तो मेल जपून ठेवा आणि वरिष्ठांशी किंवा एचआरशी वेगळं बोला.