लाल पाण्यावर आरओ विकणाऱ्यांना दोन प्रश्न विचारा

नाशिक रोडकर मंडळी, उन्हाळ्यात बोअर जास्त चालायला लागली की तीच तक्रार येते: भरताना पाणी काचेसारखं, सकाळी बादलीच्या तळाशी नारिंगी थर. मग कुणीतरी विक्रेता येतो, टीडीएस मीटर बुडवतो, पाण्यात वीज सोडणारं दांड्यांचं यंत्र लावून ते तपकिरी करून दाखवतो आणि कमिटी चेक फाडते. माझा या धंद्याला विरोध आहे.

त्याला पहिला प्रश्न: मीटरने लोह दिसतं का? नाही दिसत. टीडीएस ८०० असलेल्या पाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅम लोह असलं, तरी आकडा जवळपास तोच राहतो. दुसरा: तपकिरी रंग कुठून आला? बहुतेक वेळा त्याच्याच लोखंडी दांडीतून. तुमच्या पाण्याचा त्यात दोष नसतो.

खरी गोष्ट साधी आहे. जमिनीखाली हवा पोचत नाही, तिथे लोह विरघळलेलं आणि बिनरंगी असतं. वर आल्यावर हवेतला ऑक्सिजन लागला की त्याचे न विरघळणारे नारिंगी कण होतात. तेच तळाशी बसतात, फरशीवर अन् कपड्यांवर डाग पाडतात. (नळातून सुरुवातीलाच लाल येऊन नंतर स्वच्छ होत असेल, तर जुना लोखंडी पाइप तपासा.)

म्हणजे जे बादलीत रात्रभर होतं, ते टाकीआधी मुद्दाम करून घ्यायचं. बोअरचा पाइप टाकीत बुडवू नका. वर भोकांचा आडवा पाइप लावून पाणी पावसासारखं पाडा. ३ मिलिग्रॅम लोहाला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, तेवढा हवेतून सहज मिळतो. मग पाणी थोडा वेळ स्थिर ठेवा आणि वाळूच्या फिल्टरमधून काढा.

आधी घरीच बघा. पाणी दोन भांड्यांत दहा-वीस वेळा उंचावरून ओता, अर्धा तास ठेवा, दाट कपड्याच्या चार पदरांतून गाळा. गाळलेलं पाणी सकाळपर्यंत स्वच्छ राहिलं, तर हाच उपाय चालेल. पुन्हा नारिंगी झालं, तर एकतर कपड्यातून बारीक कण निसटले, नाहीतर पाणी आम्लधर्मी आहे. तेव्हा प्रयोगशाळेत लोह आणि पीएच तपासा.

एक गोष्ट मात्र कमिट्या हमखास विसरतात: बॅकवॉश. रोज १०,००० लिटर वापरात ३ मिलिग्रॅमने ३० ग्रॅम लोह फिल्टरमध्ये अडकतं, गाळ त्याच्या जवळपास दुप्पट. उलटं पाणी सोडून तो काढला नाही, तर फिल्टर तुंबतो किंवा गाळ परत नळात येतो. मग "फिल्टर बोगस" म्हणून बोंब.

यातून पाण्याचा जडपणा जाणार नाही, हे खरं. पण लोह न काढता आरओ बसवलात, तर पडदाच तुंबणार. पुढच्या सभेत विक्रेत्याला लोहाचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागा. नसेल, तर चहा पाजून परत पाठवा.