‘सहज मेसेज केला’

गेल्या रविवारी एका मित्राने मला त्याचा मेसेज वाचायला पाठवला. जुन्या क्लायंटला टाकायचा होता, वर्षभर संपर्क नाही, म्हणाला जरा बघ कसा वाटतो. "नमस्कार सर, आशा आहे आपण मजेत असाल. बरेच दिवसांत बोलणं नाही, सहज मेसेज केला. आमच्यायोग्य काही काम असल्यास जरूर कळवा."

मी म्हटलं, पाठवू नकोस. तो चिडला. मग तासभर वाद झाला, आणि तो फोनवर अर्धवट राहिला म्हणून हा लेख.

वर्षभर गप्प बसलेला माणूस सहज मेसेज करत नाही. हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळतं. आणि "काही काम असल्यास कळवा" याचा सरळ अर्थ काय? माझ्यासाठी काम शोधायचं कामही तुम्हीच करा! चाकणमधला कारखानदार, ज्याचा ट्रक गेटवर उभा आहे आणि दोन प्रेसपैकी एक बंद आहे, तो हे का करेल?

मला हे शहाणपण आलं कारण हाच मेसेज मी स्वतः पाठवलेला आहे. शब्दसुद्धा जवळजवळ तेच.

आम्ही दोघं हिंजवडीची नोकरी सोडून भोसरीत एका गाळ्याच्या वरच्या खोलीत बसतो आणि लहान कारखान्यांना बिलिंगची सॉफ्टवेअरं लिहून देतो. कुरुळीच्या बाजूला एक प्रेस शॉप आहे, गाड्यांचे ब्रॅकेट बनवतात, उलाढाल दहा कोटींच्या थोडी वर. त्यांचं बिलिंग आम्ही केलं. पैसे पूर्ण मिळाले. मग आम्ही वार्षिक मेंटेनन्सचं कोटेशन दिलं आणि शेठ म्हणाले, "बघू, कळवतो." आम्ही त्याचा अर्थ "नाही" असा लावला आणि फुगून बसलो. (नंतर कळलं की त्या महिन्यात त्यांच्या नव्या डायची ट्रायल फसली होती आणि ते दोन महिने त्यातच होते. कोटेशन नाकारलं नव्हतं, विसरले होते.) २०२४ च्या दसऱ्याला मी तो "सहज" मेसेज टाकला. त्या दिवशी त्यांच्या फोनवर झेंडूची फुलं आणि सोन्याची पानं किती आली असतील, त्यात माझा एक. दोन निळ्या टिका आल्या, पुढे शांतता.

मग २०२५ चा एप्रिल आला, आणि एक नियम.

ई-इनव्हॉइसचं थोडक्यात सांगतो. ठरावीक उलाढालीच्या वरच्या धंद्याला बिल आधी सरकारी पोर्टलवर नोंदवावं लागतं. तिथून आयआरएन नावाचा नंबर आणि क्यूआर कोड मिळतो, तो बिलावर छापायचा. बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत नोंदवलं नाही तर पोर्टल ते घेतच नाही, ही अट १०० कोटींच्या वरच्यांना नोव्हेंबर २०२३ पासून होती. १ एप्रिल २०२५ पासून ती १० कोटी आणि वरच्यांना लागू झाली. म्हणजे आमचे शेठ आत आले.

आता कोणीही म्हणेल, बिल तर लगेच नोंदवतात, अडचण काय? बिलाची अडचण नाहीच. क्यूआर नसेल तर माल पुढच्या कंपनीच्या गेटच्या आत जात नाही, त्यामुळे बिल त्याच दिवशी होतं. अडचण क्रेडिट नोटची. ३० दिवसांची अट तिलाही आहे, पण तिच्यासाठी कुठलाही ट्रक खोळंबत नाही. रिजेक्ट झालेल्या मालाची डेबिट नोट गिऱ्हाईक कंपनीकडून मेलवर येते, अकाउंटंट ती बाजूला ठेवतो, महिना संपला की सगळ्या एकदम बसून टाकतो, आणि तारीख घालतो समोरच्या नोटेवरची. ३ मार्चची नोट ५ एप्रिलला टाकली तर झाले ३३ दिवस. पोर्टल परत पाठवणार. मालकाला पत्ताही लागत नाही, कारण ट्रक तर रोज सुटतायत.

ही सवय मला माहीत होती, कारण मी त्या अकाउंटंटच्या शेजारी बसून ती स्क्रीन बनवली होती. आणि मागची तारीख टाकायची सोय त्यानेच मागितली म्हणून मीच दिली होती. हे दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या सेल्सवाल्याला ठाऊक असणं शक्य नाही. मी लिहिलं:

"शेठ, नमस्कार. भोसरीहून, तुमचं बिलिंग केलेला इंजिनियर. वर्षभर फोन केला नाही, चूक आमची. १ एप्रिलपासून ३० दिवसांहून जुनी क्रेडिट नोट पोर्टल घेत नाही. तुमच्याकडे रिजेक्शनच्या नोटा मागच्या तारखेने टाकतात आणि आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ती तारीख अडवलेली नाही. मार्चच्या किती राहिल्यात ते अकाउंट्सला विचारा. दुरुस्ती अर्ध्या दिवसाची आहे. शुक्रवारी येऊ का?"

पार्टनर म्हणाला, चूक कबूल केलीस, आता सगळं फुकट करून घेतील. मला हे पटत नाही. कबूल केली ती न बोलण्याची चूक, प्रोग्रॅमची नाही. नियम नंतर आला. आणि वर्षाच्या खड्ड्यावरून उडी मारून "हाय सर" म्हणण्यापेक्षा एका वाक्यात तो मान्य केला की पुढचं मोकळेपणी बोलता येतं. शेवटचा प्रश्न हो किंवा नाही म्हणता येईल असाच ठेवला, आणि शुक्रवार मुद्दाम. आपण आयटीवाले शनिवार-रविवार धरून बसतो, पण या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी बहुतेक गुरुवारी असते. महिन्याचा शेवटचा आठवडाही टाळावा, डिस्पॅचच्या धावपळीत कोणी काही वाचत नाही. जुनी येणी बाकी असतील तर ती वेगळ्या दिवशी मागावीत. दोन्ही एकात आलं की समोरच्याला फक्त वसुली दिसते.

मित्राचं म्हणणं, "प्रत्येक वेळी तुझ्या नशिबाने सरकार नियम काढणार आहे का?" नाही काढणार. पण जुन्या कामात काहीतरी असतंच. बॅकअप कुठे जातोय, कुठलं सर्टिफिकेट संपतंय, कुठला तात्पुरता जुगाड आपण "नंतर बघू" म्हणून ठेवला होता. व्हॉट्सॲप उघडायच्या आधी जुना फोल्डर उघडा एवढंच मी म्हणतोय. त्यात काहीच सापडलं नाही, तर खरंच मेसेज करू नका. नुसती भीती घालून काम मिळवणारे तर त्याहून वाईट.

असो. शेठचा दुसऱ्या दिवशी फोन आला. अकाउंटंट जानेवारीतच सोडून गेला होता, नव्या मुलाला पोर्टलचा एरर कळत नव्हता. शुक्रवारी गेलो तर चार नोटा अडकलेल्या. त्यांच्या सीएला विचारून त्या चालू तारखेने नव्याने काढल्या. मागची तारीख बंद केली आणि विसाव्या दिवशी लाल पट्टी दाखवायला लावली.

"याचे पैसे किती?" शेठ म्हणाले. मी म्हटलं, आजचे काही नाही. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि आमचं वर्षापूर्वीचं कोटेशन काढलं, वर चहाचा डाग. "मग हा रेट अजून तोच आहे का रे?"

तो रेट मी वाढवला नाही, यावर पार्टनर अजून बोलून दाखवतो.

मित्राने त्याचा मेसेज अजून पाठवलेला नाही. जुना फोल्डर कुठल्या लॅपटॉपवर होता ते आठवत नाही म्हणतोय.