अग्रेषणपत्राच्या एका ओळीत अडकलेला हक्क

शासकीय कर्मचाऱ्याच्या व त्याच्या कुटुंबीयांच्या आजारपणाचा खर्च शासनाने सोसावा, हे तत्त्व महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम, 1961 यांनी मान्य केले आहे. आकस्मिक व गंभीर आजारात खासगी रुग्णालयात घेतलेल्या उपचारांचीही प्रतिपूर्ती मिळावी, म्हणून 19 मार्च 2005 च्या शासन निर्णयात 27 आकस्मिक आणि 5 गंभीर आजारांची यादी दिली गेली. म्हणजे हक्क कागदावर आहे. तो कर्मचाऱ्याच्या हाती पडेपर्यंत काय होते, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर वेल्ह्यासारख्या डोंगरी तालुक्यात जितके स्वच्छ दिसते तितके शहरात दिसत नाही.

एक उदाहरण कल्पून पाहू. वेल्ह्याच्या तहसील कार्यालयातील एका लिपिकाच्या छातीत मध्यरात्री कळ येते. ग्रामीण रुग्णालयात हृदयाचा आलेख काढला जातो आणि ताबडतोब पुण्याला नेण्यास सांगितले जाते. हृदयाच्या रक्तवाहिनीतील अडथळा काढण्याची सोय तालुक्यात नाही. अंतर साठेक किलोमीटर, वाटेत घाट. जे रुग्णालय आधी लागेल आणि आत घेईल तेथे नातेवाईक त्याला दाखल करतात. अँजिओप्लास्टी होते, स्टेंट बसतो, माणूस वाचतो. रुग्णालयाचे बिल 2,08,000 रुपये, बाहेरून आणलेली औषधे 21,400 रुपये, सोबत्यांचे जेवण व किरकोळ 5,200 रुपये. एकूण 2,34,600 रुपये. यातले दोन लाख रुपये पतपेढीतून दरसाल बारा टक्क्यांनी उचललेले.

आता दाव्याची फाइल तयार होते. अँजिओप्लास्टी ही 2005 च्या यादीतील पाच गंभीर आजारांत मोडते, त्यामुळे पात्रतेचा वाद नसावा. तरीही फाइल अडते, आणि ती ठरलेल्या जागी अडते. पहिली जागा म्हणजे रुग्णालयाने दिलेला उपचारांचा गोषवारा, म्हणजेच डिस्चार्ज कार्ड. त्यावर दाखल होण्याची तारीख व वेळ, दाखल होतानाची तक्रार, निदान आणि केलेली शस्त्रक्रिया स्पष्ट हवी. डॉक्टरांनी घाईत नुसते ‘अँजिओप्लास्टीसाठी दाखल’ असे लिहिले, तर तपासणारा विचारतो की हे आकस्मिक कसे? म्हणून वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयाचा आलेख आणि संदर्भचिठ्ठी फाइलला जोडणे अगत्याचे असते. त्या रात्रीचा खरा पुरावा तोच.

दुसरी जागा म्हणजे बिले. प्रत्येक मूळ बिलावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही व शिक्का हवा. औषधाच्या बिलाला चिठ्ठीचा आधार हवा. स्टेंटची किंमत ‘पॅकेज’मध्ये गाडलेली असेल तर हरकत निघते. केंद्र शासनाने फेब्रुवारी 2017 मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली आणि रुग्णालयांनी बिलात स्टेंटची किंमत, कंपनीचे नाव व बॅच क्रमांक वेगळे दाखवावेत असेही बजावले. तेव्हा रुग्णालय सोडण्यापूर्वीच वेगळे बिल व स्टेंटच्या वेष्टणावरील चिकटपट्टी मागून घ्यावी. सहा महिन्यांनी ती मिळत नाही. आमच्या उदाहरणात जेवणाचे व किरकोळीचे 5,200 रुपये मुळातच अमान्य आहेत. ते दाव्यात घातल्याने मिळत तर काही नाही, उलट सगळा दावा संशयाच्या नजरेने पाहिला जातो. चिठ्ठी हरवलेले 3,100 रुपयांचे औषध वगळले, की उरतात 2,26,300 रुपये. खोलीचे भाडे पात्रतेनुसार कमी होईल ते वेगळे. कर्मचाऱ्याने हीच वजाबाकी स्वतः करून, बिलांचा अनुक्रमवार तक्ता जोडून दावा करावा.

तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. ती म्हणजे कार्यालयप्रमुखाचे अग्रेषणपत्र. बहुतेक ठिकाणी ते एका ओळीचे असते: ‘सोबतचा प्रस्ताव पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर.’ या ओळीत अधिकाऱ्याने काहीच तपासलेले नाही, म्हणून वरच्या कार्यालयाला सारेच तपासावे लागते. फाइल वेल्ह्याहून भोरच्या उपविभागीय कार्यालयात, तेथून जिल्हाधिकारी कार्यालयात, छाननीसाठी औंधला जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाते आणि प्रत्येक टेबलावर एकेक नवी हरकत जन्माला येते. खरे अग्रेषणपत्र पाच गोष्टी सांगते: रुग्ण स्वतः कर्मचारी आहे की अवलंबित, उपचारांच्या तारखा रजेच्या नोंदीशी जुळतात, मूळ बिले इतकी आणि त्यांची बेरीज इतकी, हाच खर्च दुसरीकडून मागितलेला नाही, अग्रिम घेतला असल्यास किती. या पाच वाक्यांनी कार्यालयप्रमुख जबाबदारी स्वतःवर घेतो. म्हणूनच तो ती लिहीत नाही.

हा विलंब केवळ गैरसोयीचा नाही. दोन लाखांवर बारा टक्क्यांनी महिन्याला दोन हजार रुपये व्याज होते. दावा अकरा महिने रेंगाळला तर बावीस हजार रुपये गेले, आणि त्याची प्रतिपूर्ती कोणताही नियम करीत नाही. शासनाने फेडावयाचे देणे कर्मचारी सावकाराच्या पैशाने आधी फेडतो. शासन त्याच्याकडून बिनव्याजी कर्ज घेते. त्यावर कोणी ‘काम लवकर करून देतो’ म्हणून टक्केवारी मागितली, तर हक्काची भीक होण्यास आणखी काय हवे?

न्यायालयांची भूमिका याहून माणुसकीची आहे. सुरजितसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये जीव वाचविण्याचा माणसाचा अधिकार मान्य केला. हृदयाचा रुग्ण मंजुरीच्या रांगेत उभा राहू शकत नाही, हा त्याचा इत्यर्थ. 2018 मध्ये शिवकांत झा यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की रुग्णालय यादीत आहे की नाही एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही. उपचार खरोखर झाले का, हे पाहावयाचे. मात्र दराची मर्यादा घालण्याचा शासनाचा अधिकार 1998 च्या पंजाबच्याच दुसऱ्या निकालाने मान्य झाला आहे, हेही कार्यकर्त्यांनी विसरू नये. खोटी आशा दाखविणे हे संघटनेचे काम नव्हे.

विलंबाविरुद्धचे हत्यार मात्र घरातच आहे. बदल्यांचे विनियमन व शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा 2005 चा अधिनियम सांगतो की सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक राहू नये, आणि हेतुपुरस्सर विलंब ही शिस्तभंगाची बाब ठरते. म्हणून प्रस्ताव देताना तारखेची पोच घ्यावी, हरकती एकाच पत्राने लेखी मागाव्यात, आणि सात दिवस उलटल्यावर फाइल कोणाच्या टेबलावर आहे हे माहितीच्या अधिकारात विचारावे.

हा पगारदारांचाच प्रश्न आहे, शेतमजुराला त्याचे काय, असे काही साथी म्हणतील. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. त्याच तालुक्यातील आरोग्य केंद्रात राबणाऱ्या कंत्राटी परिचारिकेला आणि आशा कार्यकर्तीला हे नियम लागूच नाहीत. तिच्यापाशी अडकायलाही फाइल नाही. परंतु कायम कर्मचाऱ्याचा लेखी हक्क कुजू दिला, तर तो कंत्राटी कामगारापर्यंत कधीच पोहोचणार नाही. तेव्हा तालुक्यातील कर्मचारी संघटनांनी दोन मागण्या एकत्र मांडाव्यात: कार्यालयप्रमुखाने पाच मुद्द्यांचे अग्रेषणपत्र सात दिवसांत द्यावे, आणि शासनाचे काम करणारा प्रत्येक जण, नेमणूक कोणत्याही नावाची असो, 1961 च्या नियमांच्या छत्राखाली यावा. पहिली मागणी वेल्ह्यात जिंकता येईल. दुसरीसाठी मुंबईपर्यंत जावे लागेल.